जोडावरचं इंचभर

गेल्या आषाढात माझ्या उजव्या अंगठ्याने काम सोडलं. सोडलं म्हणजे दुखायला लागला असं नाही, दुखत तर तो तीन-चार वर्षं होताच. पण त्या दिवशी जॉर्जेटची ओढणी हातात होती, कड ओली करून अंगठा आणि पहिल्या बोटात गुंडाळत होते, आणि गुंडाळी सुटली. पुन्हा केली, पुन्हा सुटली. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा आहे तिथून जोरच येईना. बाहेर खर्डीचा पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती, आणि मी दारातल्या उजेडात एक वीतभर कड घेऊन अर्धा तास बसले.

हाताने गुंडाळलेली गोल कड हा माझा अभिमान होता. इथून वासिंदपर्यंत लोक ओढण्या माझ्याकडे आणायचे. पिकोला दिलेली कड मला कधी आवडली नाही. तिच्यात दोरा जास्त आणि कापड कमी दिसतं. माझी कड ज्वारीच्या ताटाइतकी गोल यायची आणि टाका वरून दिसायचा नाही. मशीनला हेमर लावून कड मारणाऱ्या बायकांबद्दल मी मनात वाईट बोलायचे. ज्यांना हात नाही त्यांनी पाय विकत घ्यावेत, असं माझं म्हणणं होतं. हे मी शिकणाऱ्या मुलींसमोर बोलूनही दाखवलं आहे, आणि ते आज लिहिताना मला बरं वाटत नाही.

माझ्याकडे सध्या एक मुलगी शिकते. कसाऱ्याकडून सकाळच्या लोकलने येते. डावखुरी आहे. तिने माझा अंगठा बघितला, काही बोलली नाही, आणि पुढच्या आठवड्यात बत्तीस पायांचा एक डबा घेऊन आली. "काकू, बघा तर खरं," म्हणाली. प्लास्टिकच्या खणांत मांडलेले चकचकीत पाय. मी तो डबा दोन दिवस उघडला नाही.

उघडला तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की त्यातले बहुतेक माझ्या मशीनच्या कामाचे नाहीत. माझी काळी पायमशीन फक्त सरळ टीप मारते, सुई कायम मधोमध. दांडी बुटकी आहे, म्हणजे पाय खाली सोडला की त्याच्या स्क्रूच्या मध्यापासून सुईपट्टीपर्यंत पाऊण इंच भरतं. हे माप आधी घ्यावं. सव्वा इंचाच्या आसपास भरलं तर दांडी उंच, आणि तिला बुटक्या दांडीचा पाय लावला तर तो कापडापर्यंत पोचतच नाही. डब्यातले पाय बुटक्या दांडीचे होते, तेवढं नशीब. पण ते झिगझॅगसाठी केलेले, त्यामुळे सुईचं भोक आडवं आणि लांब, आणि तळवा रुंद. माझ्या मशीनचे दाते अरुंद आहेत. रुंद पायाची एक बाजू दात्यांच्या बाहेर लोंबते, तिथलं कापड कोणी पुढे नेत नाही, आणि कड हळूहळू तिरकी होते. पातळ कापड तर लांब भोकात सुईबरोबर खाली ओढलं जातं. म्हणून शेवटी डब्यातला एक पाय ठेवला आणि दोन कल्याणच्या बाजारातून अरुंद तळव्याचे, माझ्या मशीनवर लावून बघून आणले.

चेनचा पाय मला नवा नव्हता. नवा नव्हता म्हणजे, मी तो स्वतः केला होता. ज्या मास्तरांकडे मी शिकले ते जुन्या पायाचं एक बोट कानशीने घासून काढायचे. साध्या पायाला दोन बोटं असतात. चेन लावताना त्यातलं एक बोट चेनच्या दात्यांवर चढतं, पाय एका अंगावर कलतो, आणि टीप दात्यांपासून लांब पळते. बोट काढून टाकलं की पाय दात्यांच्या कडेला सपाट बसतो आणि सुई हवी तेवढी जवळ जाते. चेनच्या पायाचं काम एवढंच. विकतच्या पायाला मागे स्क्रू असतो, तो ढिला करून बोट सुईच्या डावीकडे किंवा उजवीकडे नेता येतं. माझा घासलेला पाय एकाच बाजूचा होता. दुसरी बाजू शिवायला मी कापड उलटं फिरवायचे, एक बाजू वरून खाली आणि दुसरी खालून वर. मग कमरेजवळ दोन्ही बाजू एकमेकींना मिळायच्या नाहीत, एक दोऱ्याभर वर राहायची. पंचवीस वर्षं मी तो दोष कापडाला दिला. दोन्ही बाजू खालून वर, एकाच दिशेने शिवल्या की फरक पडत नाही. हे मला बोट सरकणारा पाय लावल्यावर समजलं. त्या पंचवीस वर्षांतल्या किती घागऱ्यांचे हूक मी हा दोष झाकायला तिरके लावले असतील, ते आता मोजण्यात अर्थ नाही.

कमरेजवळचा तो फरक का पडतो, हे मात्र सांगितलं पाहिजे, कारण चालत्या पायाचं मूळ तिथेच आहे. मशीनचे दाते फक्त खालच्या पदराला ढकलतात. वरचा पदर पायाच्या तळव्याला घासत, मागे रेंगाळत जातो. दोन पदर सारख्या लांबीचे घेऊन शिवले तरी शेवटाला वरचा उरतो. सुती कापडात हे दिसत नाही. मखमल, रेक्झिन किंवा गोधडीत लगेच दिसतं. मी जुन्या साड्यांची तीन पदरी गोधडी मशीनवर शिवून पाहिली होती, सहा फूट लांब, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी वरची साडी दोन बोटं पुढे आलेली. ती दुमडून दाबली की तिथे चुणी बसायची. म्हणून आमच्याकडे गोधड्या हातानेच होतात असं मी सगळ्यांना सांगायचे, जणू तो परंपरेचा मान होता. खरं कारण हे होतं की माझ्या पायाखाली चुण्या पडत होत्या.

चालत्या पायाला वरून दाते असतात आणि बाजूला एक चिमटा, तो सुई आवळणाऱ्या स्क्रूवर बसतो. सुई वर गेली की चिमटा वर उचलला जातो, वरचे दाते कापडावर टेकतात आणि खालच्यांबरोबर मागे सरकतात. सुई खाली आली की ते उचलले जाऊन पुन्हा पुढे येतात. दोन्ही बाजूंनी कापड धरलेलं, त्यामुळे पदर बरोबर चालतात. चिमटा स्क्रूवर नीट बसलाय ना, हे हाताने चाक फिरवून बघावं. नाही बसला तर पाय नुसता साधा पाय म्हणून घासत राहतो आणि माणसाला वाटतं वस्तूच वाईट. उलटी टीप या पायाने मारू नये, दाते पुढेच जायला केलेले आहेत. आणि तो आवाज करतो, जड चालतो, पायमशीनवर त्याला सावकाश हाकावं लागतं. मी त्यावर दोन गोधड्या केल्या, मधली ओळ आधी आणि मग दोन्हीकडे बाहेर जात. चुणी एक नाही. पण मशीनची गोधडी अंगावर घेतली की पुठ्ठ्यासारखी उभी राहते, हे माझं मत अजून बदललेलं नाही. हातच्या टाक्यात कापडाला थोडी सैल जागा राहते, म्हणून ती अंगाभोवती बसते. शहरातल्या दुकानांत आता गोधड्या काचेमागे ठेवतात, त्यातल्या बऱ्याच मशीनवरच्या असतात. विकणारा तसं सांगत नाही, आणि घेणाऱ्याला त्यांचा ताठपणा हाताला लागत नाही.

पण माझं मन अडकलं ते हेमरमध्ये. आजही अडकलेलं आहे.

हेमरच्या पुढे गोगलगायीसारखी वळलेली पट्टी असते. कापडाची कड त्यात शिरते, दोनदा दुमडली जाते आणि तळव्याच्या खोबणीतून टिपेखाली जाते. खोबण दोन मिलिमीटरची असेल तर कड दोनची, तीनची असेल तर तीनची. जॉर्जेट, शिफॉन, मलमल, व्हॉइल यांच्यासाठी तो आहे. कापड थोडं वर आणि डावीकडे झुकवून धरायचं, आणि डोळा गुंडाळीच्या तोंडावर ठेवायचा, सुईवर नाही. जास्त कापड आत गेलं की कड जाड होते आणि दुमडीत आणखी एक घडी पडते. कमी गेलं की मागे कच्ची कड डोकावते आणि पहिल्या धुण्यात सुटते. सरळ ओढणीवर हे दोन दिवसांत हाताला बसलं. पहिल्या दिवशी मात्र प्रत्येक चार बोटांवर धागा ओढला जात होता. गुंडाळीच्या आत बोट फिरवता येत नाही म्हणून जाड सुतळी घातली आणि मागेपुढे ओढली, तर ती तांबूस झाली. मागच्या पावसाळ्यातला गंज. आमच्याकडे लोखंडाला चार महिने सर्दी असते. सुतळीला पॉलिश लावून पन्नास वेळा ओढली, मग मशीनचं तेल, मग जुन्या कापडावर चार वीत टीप, तेल शोषून घ्यायला. धागा ओढणं थांबलं.

मग श्रावणात सहा कळ्यांचा घागरा आला, जॉर्जेटचा, हळदीच्या दिवसासाठी. प्रत्येक कळी खाली सत्तर सेंटिमीटर, म्हणजे घेर चार मीटर वीस. अंगठा शाबूत असता तर दोन संध्याकाळी हातानेच कड घातली असती. आता हेमरशिवाय मार्ग नव्हता. कळ्यांचा खालचा भाग तिरक्या धाग्यावर असतो, तो लोंबतो, म्हणून घागरा एक रात्र टांगून ठेवला आणि सकाळी घेर पुन्हा समान कापला. अकरा नंबरची सुई, बारीक दोरा, टीप दोन मिलिमीटर. पहिली कळी सुरेख गेली. मी चाक हळूहळू फिरवत जोडाजवळ आले आणि तिथे सगळं थांबलं.

जोड ओलांडणं हीच ती गोष्ट. तिच्यावर मी तीन आठवडे घालवले, घागरा तर पाच दिवसांनी द्यायचा होता, तरी पुढे चिंध्यांवर बसून राहिले. काय होतं ते सांगते. सपाट कापडात गोल कडेचे तीन पदर होतात. जोडावर मार्जिन उघडून इस्त्री केली असेल तर प्रत्येक बाजूला कापड दुप्पट, म्हणजे कडेत सहा पदर. गुंडाळीचं तोंड तीन पदरांसाठी केलेलं आहे. सहा पदर आले की ते अडतात, पायाचं नाक वर उचललं जातं, दाते निसटतात, आणि एकाच जागी आठ-दहा टिपा साचून बारीक गाठ होते. जोर लावून कापड ओढलं तर सुई वाकते. गाठ सोडवायला गेलं तर जॉर्जेटला भोक पडतं. सहापैकी पहिल्या जोडावर मला गाठही मिळाली आणि भोकही.

सगळे जुने उपाय करून बघितले. जीन्सच्या जोडावर आम्ही पायाच्या मागे दुमडलेल्या कापडाची गादी देतो म्हणजे पाय सपाट राहतो. इथे तळव्याला खोबण आहे, गादी खोबणीत शिरून कड बाहेर ढकलते. जोडावर लाकडी मोगरीने ठोकून बघितलं, जॉर्जेट दबतं आणि परत फुगतं. दोन मिलिमीटरच्या जागी तीनचा हेमर आणला, थोडं बरं, तरी चिंध्यांच्या तिसऱ्या जोडावर गाठ. सुई खाली ठेवून पाय उचलायचा, कड गुंडाळीतून काढायची, जोड हाताने दुमडून पायाखाली ढकलायचा, पलीकडे गेल्यावर कड परत गुंडाळीत घालायची, असंही केलं. हे चालतं. पण पुन्हा अंगठा लागतोच, आणि जिथे गुंडाळीतून काढली आणि परत घातली तिथे कडेची जाडी बदलते. मला ते दिसतं. गिऱ्हाइकाला दिसत नसेल, मला दिसतं.

मी शिवत असताना ती मुलगी उरलेल्या कळ्यांच्या चिंध्या जोडून सराव करत होती. तिच्या पट्टीवर चार जोड होते. संध्याकाळी मी ती पट्टी सहज उचलली. चारही जोड सरळ गेलेले. मी तिला पुन्हा करायला सांगितलं आणि शेजारी उभी राहिले. तिने मार्जिन उघडली नव्हती, दोन्ही पदर एकाच बाजूला दाबले होते. असं दाबलं की कडेत नऊ पदर होतात. नऊ पदर गेले आणि माझे सहा अडले, हे मला पटेना.

कापड उलटं करून बघितलं तेव्हा कळलं. ती डाव्या हातात इस्त्री धरते, त्यामुळे तिने मार्जिन माझा हात पाडेल त्याच्या उलट दिशेला पाडली होती, शिवणाऱ्याकडे. पायाखाली जाताना जोडाची टीप आधी येत होती आणि मार्जिनची सुटी कड मागून. मांजराच्या अंगावरून केसांच्या दिशेने हात फिरवावा तसं. मी मार्जिन उघडते तेव्हा एक सुटी कड कायम गुंडाळीच्या तोंडाकडे असते. तीच आत जाऊन उलटते आणि अडते. पदरांचा आकडा दुय्यम होता, आधी बघायला हवं होतं ते सुट्या कडेचं तोंड कुठे आहे ते.

पुढचे दिवस आम्ही दोघींनी त्यावर काम केलं. शेवटचा सेंटिमीटर मार्जिन बारीक करायची, एक पदर दोन मिलिमीटर, दुसरा चार, म्हणजे उंचवट्याला पायरी येते. त्या सेंटिमीटरला ओव्हरलॉक मारायचं नाही, तो दोरा म्हणजे नुसती जाडी. मग दोन्ही पदर शिवणाऱ्याकडे पाडून इस्त्री. जोड गुंडाळीपासून बोटभर राहिला की पायटा सोडायचा आणि चाक हाताने फिरवायचं, टीप-टीप मोजत. जोडावर कापड किंचित जास्त वर उचलायचं, म्हणजे तोंड मोकळं राहतं. उरलेले पाच जोड असे गेले. पहिला मी हाताने दुरुस्त केला, भोकावर एक मोती लावला आणि मग बाकी पाच जोडांवरही लावले. कड गेली वीस मिनिटांत, पाच जोड मिळून.

घागरा न्यायला बाई आल्या तेव्हा त्यांनी घेर उचलून कड बोटांत धरली आणि म्हणाल्या, "हाताचीच ना काकू? तुमच्या हाताशिवाय अशी येत नाही." ती मुलगी बाजूला बॉबिन भरत बसली होती. मी काही बोलले नाही. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, पैसे घेतले. मुलीने मान वर केली नाही. रात्री मला झोप लागली नाही. हात थकल्याचं दुःख मी ओळखत होते. पण हाताच्या कडेचं नाव आपलं राहावं म्हणून गप्प बसण्याइतकी मी त्या नावाला धरून आहे, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, जोडाची रीत तुझी आहे, आणि पुढच्या वेळी मी गिऱ्हाइकाला तसं सांगेन. ती म्हणाली, "राहू दे हो काकू." तिच्या राहू देण्याने माझं काही हलकं झालं नाही.

आता मार्जिन मी तिच्या दिशेला पाडते. उजव्या हाताला ते अवघड जातं, मनगट उलटं वळवावं लागतं, आणि अंगठा ठणकतो. तरी पाडते. स्टेशनबाहेर तयार घागरे टांगलेले असतात, उल्हासनगरहून गठ्ठ्याने येतात. त्यांच्या कडा मी जाता-येता उलटून बघते. जोडावर सगळीकडे गाठ, कच्ची कड बाहेर. चार धुण्यांत सुटतात आणि मग ते घेतलेल्या मुली दुरुस्तीला माझ्याकडे येतात. पूर्वी मी अशी दुरुस्ती परत पाठवायचे. आता घेते. दुसऱ्याच्या सुटलेल्या कडेवर त्या मुलीला जोड ओलांडायला शिकवते, कारण तिला फुकट मिळालेली रीत का चालते ते तिला अजून सांगता येत नाही, आणि मला येतं.

एक गोष्ट मात्र हेमरला जमत नाही. सुरुवातीचा अर्धा इंच. गुंडाळीत कापड शिरायच्या आधी कड दोनदा दुमडून, चार टिपा मारून, दोऱ्याची शेपटी मागे धरून ती आत ओढावी लागते. तो अर्धा इंच हाताचाच असतो. मुलगी आता तोही करू शकेल, हात तिचा तयार आहे, अंगठा तर माझ्यापेक्षा कितीतरी बरा. पण नवी ओढणी आली की मी अजून म्हणते, "दे इकडे, सुरुवात मी करून देते." बोट ओलं करते, कड गुंडाळते, सुटली तर पुन्हा गुंडाळते, आणि बसली की मग कापड तिच्या हातात देते.